‘सिनेमा सीरियलसारखा दिसतोय’: टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करणं, आणि ते खरंच बंद झालंय का हे मोजणं

दिवाळीत घरी नवा टीव्ही आला. पंचावन्न इंची, फोर-के, ६० हर्ट्झचं पॅनेल. पहिल्याच रात्री बाबांनी ‘पिंजरा’ लावला. दहा मिनिटांत म्हणाले, “अगं, हे काहीतरी चुकतंय. सिनेमा सीरियलसारखा दिसतोय.” मी मोबाइलमधून मान वर करून म्हणाले, “बाबा, चित्र जास्त स्पष्ट आहे ना, म्हणून वाटतं तसं. होईल सवय.”

चूक माझी होती. बाबांना जे दिसत होतं ते खरोखर पडद्यावर होतं, आणि ते मोजताही येतं. १९७२ साली फिल्मवर शूट झालेल्या त्या सिनेमात नसलेल्या फ्रेम टीव्ही स्वतः तयार करून मध्ये घालत होता. ते कसं चालतं, बंद कसं करायचं, आणि सेटिंगमध्ये Off दिसलं तरी ते खरंच बंद झालंय का हे घरच्या घरी कसं तपासायचं, ते आज सांगते. तपासण्याचा भाग तुम्हाला जास्त आवडेल असं वाटतं, कारण त्यात मोजमापाचं साधनच आपल्याला फसवू शकतं.

२४ आणि ६० चं गणित

बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने शूट होतो आणि दाखवला जातो. कॅमेऱ्याचं शटर बहुतेक वेळा प्रत्येक फ्रेमसाठी सेकंदाचा साधारण ४८ वा भाग उघडं राहतं, त्यामुळे हलणारा हात थोडा फराटलेला उमटतो. हा फराटा आणि २४ चा वेग मिळून ‘सिनेमा’ असा जो एक पोत आपल्या डोळ्यांत बसलाय तो तयार होतो.

आपल्याकडच्या सीरियल मात्र वर्षानुवर्षं व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट झाल्या. दूरदर्शनच्या काळातली व्हिडिओ पद्धत सेकंदाला ५० अर्धचित्रं टिपायची: आधी विषम ओळी, मग सम ओळी. म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० नमुने. त्यामुळे त्या काळी टीव्ही बघत मोठं झालेल्या माणसाच्या डोळ्यांना गुळगुळीत हालचाल म्हणजे सीरियल किंवा बातम्या, आणि किंचित तुटक हालचाल म्हणजे सिनेमा, हे न शिकवता कळतं. बाबांचं वाक्य म्हणजे तक्रार कमी आणि निरीक्षण जास्त होतं.

आता ६० हर्ट्झचं पॅनेल सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतं. आपल्याकडे फ्रेम आहेत २४. ६० ला २४ ने भागलं की अडीच येतात, आणि अडीच वेळा काही दाखवता येत नाही. यावरचा सरळ मार्ग म्हणजे एक फ्रेम तीनदा दाखवायची, पुढची दोनदा, मग पुन्हा तीनदा. याला ३:२ पुलडाउन म्हणतात. यात एकही खोटी फ्रेम नाही, फक्त प्रत्येक खरी फ्रेम पडद्यावर सारख्या वेळासाठी राहत नाही.

दुसरा मार्ग मोशन स्मूदिंगचा. टीव्हीतला प्रोसेसर लागोपाठच्या दोन फ्रेम घेतो, चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि पहिल्या फ्रेममधला प्रत्येक चौकोन दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे सरकलाय ते शोधतो. ते अंतर आणि दिशा मिळाली की मधल्या क्षणी तो चौकोन कुठे असेल याचा अंदाज बांधून नवी फ्रेम रंगवतो. तुम्ही संख्याशास्त्रात शिकलेलं अंतर्वेशन, म्हणजे इंटरपोलेशन, ते हेच.

इथे एक छोटा हिशोब वहीत करून बघा. सिनेमाच्या दोन फ्रेममधलं अंतर १ धरा. सेकंदाला ६० चित्रं सारख्या अंतराने हवी असतील तर टीव्हीला दर ०.४ अंतरावर एक चित्र लागेल:

```
मूळ फ्रेम :  0              1              2
टीव्ही    :  0    0.4   0.8   1.2   1.6    2
```

० वर मूळ फ्रेम आहे. ०.४, ०.८, १.२ आणि १.६ वर मूळ काहीच नाही, तिथे अंदाज. पुन्हा जुळणी होते ती थेट २ वर. म्हणजे स्मूदिंग पूर्ण जोरात असेल तर दर पाच चित्रांत एकच खरं आणि चार तयार केलेली. सेकंदाच्या ६० चित्रांत १२ खरी, ४८ बनवलेली. आणि १ या जागेची मूळ फ्रेम? ती पडद्यावर येतच नाही. सिनेमॅटोग्राफरने टिपलेल्या २४ फ्रेमपैकी निम्म्या आपण बघतच नाही.

मी हा हिशोब केला तेव्हा थोडी चरकलेच. माझा समज असा होता की टीव्ही मूळ फ्रेम ठेवून फक्त मधल्या जागा भरतो. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर तसं होऊ शकतं, कारण १२० ला २४ ने नि:शेष भाग जातो: दर पाचांत एक मूळ, चार बनवलेली, पण सगळ्या २४ फ्रेम दिसतात. ६० वर तेही नाही.

अंदाज कुठे फसतो

कॅमेरा सावकाश आडवा फिरतोय आणि समोर डोंगर आहेत, अशा ठिकाणी अंदाज छान जमतो. फसतो तो मुख्यतः दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे झाकलेली जागा. नाचणारीचा हात चेहऱ्यावरून जातो तेव्हा हातामागून चेहऱ्याचा जो भाग उघडा पडतो तो आधीच्या फ्रेममध्ये नव्हताच. तो आणायचा कुठून? प्रोसेसर आजूबाजूचं काहीतरी ओढून भरतो, आणि हाताभोवती पाणी हलावं तशी थरथरती कड दिसते. दुसरं म्हणजे फार वेगवान हालचाल. चौकोन शोधायची मर्यादा ठरलेली असते. हात त्या मर्यादेपलीकडे गेला तर जोडीदार सापडत नाही, मग टीव्ही अंदाज सोडून देतो आणि क्षणभर मूळ फ्रेमच पुन्हा दाखवतो. त्यामुळे एकाच शॉटमध्ये हालचाल गुळगुळीत, मग एकदम तुटक, मग पुन्हा गुळगुळीत होते. लावणीत हे दोन्ही भरपूर दिसतं.

मग कंपन्यांनी हे घातलं तरी का? त्यालाही कारण आहे. एलसीडी पॅनेल एक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतं. आपला डोळा मात्र हलत्या चेंडूमागे सलग सरकत राहतो, त्यामुळे थांबलेलं चित्र डोळ्याच्या पडद्यावर पुसलं जातं. मधली चित्रं वाढवली की हा पुसटपणा कमी होतो. क्रिकेट बघताना त्याचा उपयोग आहे. दुकानात तर टीव्हीवर असेच चकचकीत नमुने चालू असतात. सिनेमासाठी मात्र तो उपाय मूळ गोष्टच बदलून टाकतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी प्रेक्षकांनी हे बंद करावं म्हणून व्हिडिओ काढला होता, आणि २०१९ मध्ये Filmmaker Mode नावाची एक सामायिक पिक्चर मोड जाहीर झाली. ती निवडली की मोशन स्मूदिंग आणि बरेचसे इतर ‘सुधार’ एकदम बंद होतात.

बंद कुठून करायचं

रिमोट घ्या. सिनेमा चालू असतानाच सेटिंग उघडा, हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे सांगते. आधी पिक्चर मोड बघा. Filmmaker Mode असेल तर ती, नसेल तर Movie किंवा Cinema निवडा. Vivid, Dynamic आणि Standard टाळा. मग मोशनचं सेटिंग वेगळं शोधा, कारण Movie मोडमध्येही ते काही वेळा थोडं चालू असतं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय:

- सॅमसंग: Picture → Expert Settings → Picture Clarity Settings. जुन्या सेटवर Auto Motion Plus.
- एलजी: Picture मधल्या प्रगत सेटिंगमध्ये TruMotion.
- सोनी: Picture → Motion मध्ये Motionflow.
- बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींवर: नुसतं MEMC.

मॉडेल आणि वर्षानुसार मेनूची वाट थोडी बदलते, पण Motion, Clarity, Smooth, Judder यांपैकी एखादा शब्द दिसला की तुम्ही बरोबर जागी आहात.

आता मी कुठे फसले ते ऐका. मी सेटिंगमध्ये जाऊन Off केलं आणि विजयी मुद्रेने बाबांना म्हणाले, “झालं.” बाबांनी पुन्हा ‘पिंजरा’ लावला आणि दोन मिनिटांत मान हलवली. मला वाटलं, आता हे मनाचे खेळ आहेत. प्रत्यक्षात मी सेटिंग बदललं तेव्हा सेट-टॉप बॉक्स चालू होता, आणि सिनेमा बाबा टीव्हीच्या आतल्या ॲपवर बघत होते. आमचा टीव्ही प्रत्येक इनपुटसाठी वेगळी सेटिंग लक्षात ठेवतो. अनेक टीव्ही असंच करतात, शिवाय साधं चित्र, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन यांचीही सेटिंग वेगवेगळी ठेवतात. म्हणून सिनेमा ज्या मार्गाने बघणार त्याच मार्गाने चालू असताना बदल करा, आणि एचडीआर सिनेमा लावून एकदा पुन्हा बघा. काही टीव्हींवर ‘सगळ्या इनपुटना लागू करा’ असा पर्याय असतो, तो असेल तर वापरा.

मोजून बघायचं

दोनदा बाबा बरोबर आणि मी चूक निघाल्यावर ठरवलं की आता डोळ्यांवर वाद नको. लागतं काय, तर २४० फ्रेमचं स्लो मोशन असलेला फोन आणि सिनेमाच्या शेवटी वर सरकणारी श्रेयनामावली. श्रेयनामावली अशासाठी की अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि वेग कायम असतो. जागा बदलली की लगेच कळतं.

फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून स्थिर ठेवा, टीव्हीचा उजेड वाढवा, आणि पाच-सहा सेकंद शूट करा. व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊन व्हीएलसीमध्ये उघडा आणि E दाबत एकेक फ्रेम पुढे जा. एक अक्षर धरा. ते किती फोन-फ्रेम एकाच जागी राहतं आणि मग उडी मारतं, तेवढा आकडा लिहीत चला.

काय अपेक्षित आहे ते आधी काढून ठेवा. फोन सेकंदाला २४० फ्रेम टिपतो, पॅनेल ६० वेळा बदलतं, म्हणजे पॅनेलच्या एका चित्राला फोनच्या ४ फ्रेम. त्यावरून:

- स्मूदिंग चालू असेल तर अक्षर दर ४ फ्रेमना सरकेल: ४, ४, ४, ४.
- बंद असेल आणि ३:२ चालू असेल तर १२, ८, १२, ८.
- १२० हर्ट्झचं पॅनेल प्रत्येक फ्रेम पाचदा दाखवत असेल तर १०, १०, १०.

आमच्या टीव्हीच्या आतल्या ॲपवर, मी ‘बंद’ केल्यानंतरही, आकडे आले ४, ४, ४, ४. बाबा जिंकले. ॲप चालू ठेवून पुन्हा Off केल्यावर आले १२, ८, १२, ८, ११, ९, १२, ८. बेरीज ८०, आठ उड्या, सरासरी १०. २४० भागिले १० म्हणजे सेकंदाला २४ वेगळी चित्रं. मूळ सिनेमा परत मिळाला.

मधले ११ आणि ९ बघून घाबरू नका. पॅनेल वरून खाली ओळीओळीने बदलतं, एलसीडीला रंग बदलायला वेळ लागतो, आणि फोनचं घड्याळ टीव्हीच्या घड्याळाशी बांधलेलं नाही. एखाद्या फ्रेममध्ये जुनं आणि नवं अक्षर दोन्ही पुसट दिसतं. तिथे उडी आत्ता मोजायची की पुढच्या फ्रेमला, हा निर्णय आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. एका फ्रेमची चूक इकडून तिकडे गेली तरी ४ आणि १० यांत गोंधळ होणार नाही. डीटीएचवरचा सिनेमा तपासलात तर आकडे वेगळे येतील, कारण आपलं प्रसारण २५ आणि ५० च्या हिशोबाने चालतं. तिथे एका मूळ फ्रेमला सरासरी ९.६ फोन-फ्रेम पडतात.

आता ती फसवणूक. काही फोन २४० किंवा ९६० फ्रेमचं स्लो मोशन खरोखर टिपत नाहीत. कमी फ्रेम टिपून मधल्या स्वतः बनवतात. म्हणजे टीव्ही जे करतोय तेच आपलं मोजमापाचं साधनही करतंय! अशा फोनने मोजलं तर बंद असलेलं स्मूदिंगही चालू दिसेल.

म्हणून आधी फोन तपासा. त्यासाठी छताचा पंखा पुरतो. समजा पंखा सेकंदाला सहा फेरे घेतोय. म्हणजे २१६० अंश. खऱ्या २४० फ्रेममध्ये पातं प्रत्येक फ्रेमला ९ अंश सरकेल आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याचा आकार सारखाच राहील. फोन प्रत्यक्षात ६० फ्रेम टिपत असेल तर दोन खऱ्या फ्रेममध्ये ३६ अंशांची उडी आहे. एवढ्या उडीत अंदाज कोलमडतो, आणि दर चौथी फ्रेम स्वच्छ, मधल्या तीन फ्रेममध्ये पात्याच्या कडा वितळल्यासारख्या किंवा पातं दुहेरी दिसतं. काही फोन तर तीच फ्रेम चारदा लिहितात, ते E दाबताच कळतं. उजेड भरपूर ठेवा, नाहीतर सगळंच फराटलेलं येईल. माझा फोन पास झाला, भावाचा नापास.

बंद केल्यावर जे राहतं

सगळं छान झालं असं म्हणायचं होतं, पण बाबा पुन्हा म्हणाले, “आता कॅमेरा फिरताना हिसके बसतात.” तेही खरंच. १२ आणि ८ म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा विसावा भाग टिकते आणि पुढची तिसावा. कॅमेरा सारख्या वेगाने फिरला तरी पडद्यावर हालचाल लंगडते. थिएटरमध्ये प्रत्येक फ्रेमला सारखा वेळ मिळतो, त्यामुळे ही लंगड तिथे नसते.

यावर उपाय पॅनेलवर अवलंबून आहे. १२० हर्ट्झचा टीव्ही असेल तर Real Cinema किंवा CineMotion अशा नावाचं सेटिंग चालू ठेवा. ते मधल्या फ्रेम बनवायला नाही, मूळ २४ ओळखायला असतं. बाहेरची स्ट्रीमिंग काडी लावली असेल तर तिच्या मेनूत Match Frame Rate किंवा Match Original Frame Rate शोधा, म्हणजे ती सिनेमा ६० मध्ये न बदलता २४ मध्येच टीव्हीला देते. काम झालं की नाही हे फोन सांगेल: १०, १०, १०. आमचं पॅनेल ६० चं आहे, त्यामुळे तिथे १२, ८ वर समाधान. काही टीव्हींवर De-Judder सारखी शून्य ते दहा पट्टी असते. हिसके फारच खुपत असतील तर ती एक-दोनवर ठेवून बघा, पण मग थोडे अंदाज परत येणार हे मान्य करून.

बाकीचे ‘सुधार’

राहिलेली सेटिंग थोडक्यात, कारण Filmmaker Mode किंवा Movie मोडने बहुतेक काम झालेलं असतं. Sharpness वाढवलं की नवा तपशील येत नाही, कडांभोवती पांढरी रेघ येते. श्रेयनामावलीतल्या अक्षरांभोवती ती दिसेनाशी होईपर्यंत कमी करा. पण सरसकट शून्य करू नका, सोनीवर मधली ५० ही तटस्थ जागा आहे. Noise Reduction बंद ठेवा. जुन्या सिनेमात फिल्मचे कण दिसतात, टीव्ही त्यांना कचरा समजून पुसतो आणि त्यांच्याबरोबर त्वचेचा पोतही जातो, चेहरे मेणाचे वाटतात. Dynamic Contrast बंद ठेवा, नाहीतर एकाच शॉटमध्ये उजेड आपोआप वरखाली होतो. रंग Warm वर ठेवा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, पण सिनेमाचे रंग ज्या पांढऱ्यावर बेतलेले असतात त्याच्या तो जवळ असतो.

आमच्याकडे आता टीव्हीच्या रिमोटला एक कागद चिकटवलाय. त्यावर तीन ओळी आहेत: कोणतं इनपुट, मोशनचं सेटिंग काय, आणि मोजलेले आकडे. मध्यंतरी टीव्हीने रात्रीतून सॉफ्टवेअर अपडेट घेतलं. सकाळी बाबांनी फोन केला, “पुन्हा सीरियल झालीय बघ.” या वेळी मी वाद घातला नाही. भावाला सांगितलं, आधी मोज, आणि तुझ्या फोनने मोजू नकोस.